द्राक्ष निर्यातीच्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जायचंय? होस्टला असं लिहा

एका शेतीविषयक पॉडकास्टचे पाहुणे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. येणारे बहुतेक मेल एकाच धाटणीचे असतात: मी अमुक क्षेत्रात इतकी वर्षं आहे, मला बोलायला आवडेल, सोबत माहितीपत्रक जोडलंय. लिहिणारी माणसं खरोखर जाणकार असतात, पण त्या मेलमधून होस्टच्या हाती काही लागत नाही. त्याला हवा असतो पुढचा भाग, म्हणजे विषय काय, तो कोण शेवटपर्यंत ऐकेल आणि ऐकून काय करेल. हे तिन्ही तुम्ही ठरवून दिलंत, तर तुमची ओळख दोन ओळींत उरकली तरी चालते.

एक उदाहरण धरून चालू. पिंपळगाव बसवंतच्या आसपास एका पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेज सांभाळणाऱ्या एक इंजिनिअर ताई आहेत असं समजा. द्राक्ष निर्यातीवर दर पंधरवड्याला भाग काढणाऱ्या एका मराठी पॉडकास्टवर त्यांना जायचंय. बागाईतदार, निर्यातदारांचे फिल्ड ऑफिसर आणि पॅकहाऊसची माणसं हे त्याचे श्रोते.

आधी ऐका, आणि राहून गेलेला प्रश्न शोधा

अलीकडचे पाच-सहा भाग पूर्ण ऐका, वही घेऊन. पाहुणे कोण होते यापेक्षा कोणता प्रश्न अर्धवट राहिला, हे टिपायचं. खालच्या प्रतिक्रियाही वाचा, कारण श्रोत्यांना काय अडतंय ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

आपल्या ताईंना काय सापडेल? अशा पॉडकास्टवर रेसिड्यूवर भरपूर बोलणं झालेलं असतं, आणि ते साहजिक आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून नाशिकच्या बागाईतदाराच्या मनात तो विषय पक्का बसलाय. छाटणी, विरळणी, मण्यांची साईज यांवरही भाग असतात. पण समजा, एका भागात निर्यातदार पाहुणा सांगून गेला की 'तिकडे माल उतरला तेव्हा देठ तपकिरी पडले होते, क्लेम आला', आणि होस्ट पुढच्या प्रश्नाकडे वळला. देठ का सुकले, हे कुणी विचारलंच नाही. ताईंचा विषय तिथेच आहे. तो भाग आणि ते मिनिट त्यांनी वहीत लिहून ठेवायचं.

विषय एका वाक्यात बसवा

'द्राक्षातील शीतसाखळीचं महत्त्व' हा विषय नव्हे, ते प्रकरणाचं नाव झालं. पॉडकास्टच्या विषयात एक ठाम म्हणणं लागतं, ज्यावर श्रोता मान डोलावेल किंवा वाद घालेल. ताईंचं म्हणणं असं बसवता येईल: देठ जहाजावर सुकताना दिसतो, पण त्याची सुरुवात बागेत, तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत झालेली असते.

या वाक्यामागे कारण हवं, कारण होस्ट पहिल्यांदा तेच विचारतो. तोडल्यावर द्राक्ष पुढे पिकत नाही, त्यातलं पाणी फक्त कमी होत जातं. उन्हात तापलेला घड कोरड्या हवेत राहिला, तर पाणी भराभर उडतं. देठ बारीक, त्यात पाण्याचा साठा कमी, म्हणून मणी टवटवीत दिसत असतानाच देठ सुकायला लागतो. प्री-कूलिंगमध्ये मण्याचं तापमान चार अंशांच्या आसपास आणलं, नंतर शून्य ते एक अंशाला माल ठेवला, तरी गेलेलं पाणी परत येत नाही. न्हावा शेवा बंदरातून युरोपला पोचायला तीन-चार आठवडे लागतात, लांबच्या मार्गाने गेलं तर जास्तच. पेटी उघडल्यावर तपकिरी देठ दिसतो तो तिकडच्या माणसाला. बागाईतदाराला दिसते ती फक्त हिशोबातली कपात.

हेच ताईंच्या विषयाचं बळ आहे. नुकसान ज्याचं होतं, त्याला कारण दिसत नाही, आणि ज्यांना ते रोज दिसतं त्यांच्यापैकी एक या ताई आहेत.

श्रोत्याचा फायदा कृतीत सांगा

बहुतेक प्रस्ताव इथे ढिले पडतात. 'श्रोत्यांना उपयुक्त माहिती मिळेल' असं लिहिलं, की होस्ट पुढचा मेल उघडतो. हे वाक्य पुरं करून बघा: हा भाग ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळं करेल?

ताईंच्या बाबतीत बागाईतदार खिशात मावणारा प्रोब थर्मामीटर आणेल, सुई मण्यात खुपसून तापमान बघेल. सकाळी तोडलेल्या आणि दुपारी तोडलेल्या घडाची नोंद करेल, क्रेट कुठे ठेवले आणि गाडी किती वाजता हलली तेही लिहील. दोन-तीन दिवसांच्या नोंदींवर तोडणीच्या टोळीला किती वाजता थांबवायचं, हे त्याचं त्याला ठरवता येईल. यात नवीन यंत्र नाही की मोठा खर्च नाही, आणि असा फायदा होस्टला एका वाक्यात श्रोत्यांपुढे मांडता येतो.

यातच मर्यादाही सांगून टाका. सकाळी तोडणी केली म्हणजे क्लेम येणारच नाही, असं ताईंनी म्हणू नये. घड जास्त पिकलेला असेल, कंटेनरचं तापमान वाटेत बिघडलं असेल किंवा पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड नीट बसला नसेल, तरी माल खराब होतो. मेलमध्येच 'हे एक कारण आहे, एकमेव नाही' असं लिहिणाऱ्या पाहुण्यावर होस्ट विश्वास टाकतो. नंतर श्रोत्यांचे उलट प्रश्न त्यालाच झेलायचे असतात.

पाठवायची वेळ

नाशिकमध्ये ऑक्टोबर छाटणीच्या बागांची मुख्य तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरते. त्यामुळे हा भाग जानेवारीत, टोळ्या ठरत असताना ऐकला गेला तर कामाचा. भाग आधीच रेकॉर्ड होऊन ठेवलेले असतात, म्हणून प्रस्ताव नोव्हेंबरच्या सुरुवातीला जायला हवा. बागलाणातल्या अर्ली बागांसाठी तर त्याच्याही आधी. एप्रिलमध्ये आलेला हाच मेल होस्टला आवडला, तरी तो वर्षभर बाजूला पडतो.

पत्ता पॉडकास्टच्या वर्णनात असतो. यूट्यूबवर चॅनेलच्या माहितीत मेल दाखवण्याचं बटण असलं, तर ते संगणकावर लॉगिन करून बघा. व्हॉट्सॲप नंबर दिला असेल तर तिथेही पाठवता येतं, फक्त पहिल्याच दिवशी फोन करू नका.

मेल असा असावा

मोबाईलवर दोनदा सरकवून संपेल इतकाच. ताईंचा मेल:

> विषय: देठ बागेतच सुकायला लागतो – जानेवारीच्या भागासाठी
>
> नमस्कार सर,
>
> निर्यातदारांसोबतच्या तुमच्या भागात बत्तिसाव्या मिनिटाला तपकिरी देठामुळे आलेल्या क्लेमचा उल्लेख झाला. कारणावर बोलायचं राहिलं. त्यावर एक भाग करता येईल असं वाटतं.
>
> माझं म्हणणं: देठ सुकण्याची सुरुवात अनेकदा तोडणीनंतरच्या पहिल्या तासांत, बागेतच होते. हे एकमेव कारण नाही, पण बागाईतदाराच्या हातातलं आहे.
>
> भाग ऐकून बागाईतदार साध्या थर्मामीटरने मण्याचं तापमान मोजू शकेल आणि तोडणी किती वाजता थांबवायची ते स्वतः ठरवू शकेल. नोंदीचा एका पानाचा तक्ता मी श्रोत्यांना मोफत देईन.
>
> तुम्ही विचारू शकाल असे प्रश्न: मणी ताजा असताना देठ आधी का सुकतो? गाडी पॅकहाऊसला उशिरा आली, हे मालावरून कसं ओळखता? टोळी सकाळी लवकर येत नसेल तर काय करायचं?
>
> मी पिंपळगावजवळ पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग सांभाळते. गेल्या दोन सीझनच्या तापमानाच्या नोंदी माझ्याकडे आहेत. कंपनीची परवानगी घेतली आहे. कोणाच्या मालाचं किंवा खरेदीदाराचं नाव घेणार नाही.
>
> आवाजाचा एक मिनिटाचा नमुना जोडला आहे. डिसेंबरमध्ये कोणत्याही रविवारी रेकॉर्डिंगला नाशिकला येऊ शकते.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली म्हणजे तिसरा प्रश्न, टोळीचा. तो ताईंना अवघड जाणारा आहे, कारण मजूर टंचाईत टोळीची वेळ बागाईतदाराच्या हातात फारशी नसते. तरी त्यांनी तो स्वतः दिलाय. सोपेच प्रश्न सुचवणारा पाहुणा जाहिरातीला आलाय, हे होस्टला कळतं. आणि उत्तर तयार हवंच: सावलीत क्रेट, ओली गोणपाटाची आडोशाची भिंत, भरलेली गाडी थांबवून न ठेवता लहान खेपा.

दुसरी म्हणजे आवाजाचा नमुना. माणूस जाणकार असला तरी माईकपुढे अडखळेल का, ही धास्ती प्रत्येक होस्टला असते. फोनवर, पंखा बंद करून, विषयातलाच एखादा प्रसंग सांगा. कागदावरून वाचू नका, लगेच कळतं.

कंपनीच्या परवानगीची ओळ नोकरदारांनी कधीही वगळू नये. रेकॉर्ड झालेला भाग साहेबांच्या हरकतीमुळे मागे घ्यावा लागला, की होस्ट तुम्हाला पुन्हा बोलावत नाही.

उत्तर आलं तर, नाही आलं तर

आठ-दहा दिवस थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा, पण 'माझा मेल बघितला का' एवढंच नको. काहीतरी नवीन द्या: तक्त्याचा कच्चा नमुना, किंवा 'अर्ली बागांची तोडणी सुरू झालीय, तिथल्या ताज्या नोंदी आणू शकते'. त्यानंतरही शांतता असेल तर तो सीझन सोडून द्या.

'सीझननंतर बघू' असं उत्तर आलं, तर होस्टला विषय पटलाय पण वेळेचं गणित लक्षात आलेलं नाही. भाग जानेवारीतच का हवा, हे एका वाक्यात सांगा आणि दोन तारखा द्या. 'पाहुण्यांसाठी अमुक शुल्क आहे' असं आलं, तर ती जाहिरातीची जागा आहे. घ्यायची तर जाहिरात म्हणून घ्या, आणि भाग प्रायोजित असल्याचं श्रोत्यांना सांगितलं जाईल ना, हे आधी विचारून घ्या.

नकार आला तर विषय तोच ठेवून श्रोता बदला. मालवाहतुकीवरच्या पॉडकास्टसाठी ताईंचं म्हणणं वेगळं होईल: कंटेनर बंद होण्याआधी माल किती थंड होता, याची नोंद नसेल तर वाटेतल्या बिघाडाचा क्लेम सिद्ध करणं अवघड जातं. तिथला श्रोता थर्मामीटर विकत घेणार नाही, तो लोडिंगच्या कागदावर एक रकाना वाढवेल. म्हणून फायद्याचं वाक्य आणि तिन्ही प्रश्न नव्याने लिहावे लागतील, आणि त्या पॉडकास्टचे भागही आधी ऐकावे लागतील.