छेद वेगळे असलेल्या राशींच्या बेरीज-वजाबाकीची तयारी

सदाशिव पेठेत आमच्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांची शनिवारी चाचणी आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून काढली. गुणोत्तरीय बैजिक राशींची, म्हणजे अंशात आणि छेदात बहुपदी असलेल्या राशींची बेरीज-वजाबाकी अकरावीत गृहीत धरली जाते. तेव्हा ती आत्ताच पक्की करा.

अप्पा बळवंत चौकातून फुलस्केप आणाल तेव्हा कोरेच आणा आणि कागद आडवा धरा. अवयव पाडलेले छेद लांब होतात. उभ्या कागदावर ओळ मधेच तुटते आणि दुसऱ्या ओळीत जाताना एखादा कंस हरवतो.

सूत्रांपैकी दोनच आदल्या रात्री हाताखालून जाऊ द्या: वर्ग त्रिपदीचे अवयव आणि a² − b² = (a − b)(a + b). छेदाचे अवयव पटकन पडत नसतील तर पुढचे काहीच नीट होणार नाही, म्हणून तयारीचा निम्मा वेळ इथेच द्या. बाकी सगळे एका उदाहरणावर पाहू.

(x − 1)/(x² − 5x + 6) − (x − 6)/(x² − 4)

अंशांना हात लावण्याआधी दोन्ही छेदांचे अवयव पाडून लिहा. पहिला छेद (x − 2)(x − 3), दुसरा (x − 2)(x + 2). आता लसावि घ्यायचा. जो जो अवयव कुठल्याही छेदात दिसतो तो घ्या, आणि तो ज्या छेदात जास्त वेळा आला असेल तितक्याच वेळा घ्या. इथे (x − 2) दोन्हीकडे एकेकदाच आहे, म्हणून लसावितही तो एकदाच येईल: (x − 2)(x − 3)(x + 2). एक छेद x² − 4x + 4, म्हणजे (x − 2)², आणि दुसरा x² − 4 असता, तर (x − 2) दोनदा घेतला असता. तीनदा नव्हे, कारण इथे घातांकांची बेरीज करायची नसते, त्यांतला मोठा घ्यायचा असतो.

दोन्ही छेदांचा सरळ गुणाकार केला तर काय बिघडते, हे मुले दरवर्षी विचारतात. उत्तर चुकत नाही. फक्त अंश x³ पर्यंत जातो, सोडवून 10x² − 40x + 40 उरतो, आणि त्यातून (x − 2)² ओळखून उडवायला छेदांचे अवयव पाडावेच लागतात. जे काम टाळले ते शेवटी करावेच लागले, आणि मधे चुकायच्या जागा दुप्पट झाल्या.

लसावि लिहिण्याआधी एखादा अवयव उलटा तर नाही ना, हे बघा. दुसरा छेद 4 − x² असता तर त्यातून उणे चिन्ह बाहेर काढून −(x² − 4) लिहायचे. मग मधली वजाबाकी बेरीज होते आणि लसावि तोच राहतो. हे लक्षात आले नाही तर (x − 2) आणि (2 − x) असे दोन वेगळे अवयव समजून दोन्ही लसावित शिरतात.

आता प्रत्येक अपूर्णांकाखाली पेन्सिलीने लिहा की लसाविसाठी त्याच्या छेदात काय कमी आहे. पहिल्यात (x + 2) कमी आहे, दुसऱ्यात (x − 3). जे कमी, त्याने त्या अपूर्णांकाचा अंशही गुणायचा. मग सामाईक छेदावर एकच अंश येतो:

(x − 1)(x + 2) − (x − 6)(x − 3)

इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. दुसरा गुणाकार उलगडून तसाच कंसात लिहायचा: x² + x − 2 − (x² − 9x + 18). कंस पुढच्या ओळीत सोडवायचा, आणि उणे चिन्ह तिन्ही पदांना लागू करायचे. मग x² + x − 2 − x² + 9x − 18 = 10x − 20 = 10(x − 2). (x − 2) छेदातही आहे, तो गेला, आणि उत्तर आले

10/((x − 3)(x + 2))

कंस न घालता उणे चिन्ह फक्त पहिल्या पदाला दिले तर x² + x − 2 − x² − 9x + 18, म्हणजे −8x + 16 मिळते. ते −8(x − 2) होते, त्यातूनही (x − 2) सुबकपणे उडतो आणि −8/((x − 3)(x + 2)) असे अगदी खरे वाटणारे चुकीचे उत्तर हाती येते. मला हे उदाहरण नेमके यासाठीच आवडते. गणित छान सुटले म्हणजे बरोबर सुटले, हा मुलांचा समज इथे मोडतो.

म्हणून पडताळा. x ला अशी किंमत द्या की एकही छेद शून्य होणार नाही. मूळ प्रश्नात x = 4 ठेवला तर 3/2 − (−2)/12, म्हणजे 5/3. आपल्या उत्तरात 10/(1 × 6), तेही 5/3. चुकीच्या उत्तरात −8/6 येते, म्हणजे −4/3. किंमत निवडताना x = 0 टाळा, कारण तिथे x ची सगळी पदे नाहीशी होतात आणि त्यांच्यातली चूक लपते. इथे x = 1 ही नको, कारण पहिला अंशच शून्य होतो आणि पहिल्या छेदाचे अवयव चुकले असले तरी कळत नाही.

शेवटी काय उडू शकते याचाही अंदाज आधीच बांधता येतो. दिलेले अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील, तर जो अवयव दोन्ही छेदांत सारख्याच घातांकाने आहे तोच उडण्याची शक्यता असते. (x − 3) फक्त पहिल्या छेदात आहे. एकत्र केलेल्या अंशात x = 3 ठेवा: दुसरा गुणाकार शून्य होतो, पहिला 2 × 5 = 10 राहतो. अंश शून्य होत नाही, म्हणजे (x − 3) त्याचा अवयव नाही. (x + 2) चेही तसेच. तेव्हा उत्तराच्या अंशाला फक्त (x − 2) ने भाग जातो का, एवढेच तपासायचे. बाकी अवयव शोधत बसू नका.

उत्तराशेजारी x ≠ 2, x ≠ 3, x ≠ −2 असे लिहा. (x − 2) उत्तरात दिसत नसला तरी मूळ राशीला x = 2 साठी किंमतच नाही, म्हणून ती अट सुटत नाही.

आणि छेदात x² + 4 किंवा x² + x + 1 आले तर त्यांचे वास्तव सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. त्यांच्याशी झटापट करू नका; तो पूर्ण कंस एकच अवयव म्हणून लसावित घ्या.