आरडी-एसआयपीची रील बनवताय? एसआयपीचा भविष्यातला आकडा टाकू नका

60 सेकंदात आरडी आणि एसआयपीची तुलना दाखवायची म्हटलं की बहुतेक जण कॅल्क्युलेटरमध्ये एसआयपीला 12 टक्के परतावा टाकतात आणि मोठ्ठा आकडा स्क्रीनवर, बघणारा तोच धरून बसतो. मी आता असं करतो:

1. दोन्हीकडे सेम हप्ता घ्या, समजा 2,000 महिना, 5 वर्षं. खिशातून जातात 1,20,000, हे आधी दाखवा.

2. पोस्टाच्या आरडीचा दर 6.7 टक्के धरला तर शेवटी साधारण 1,42,700 येतात. इथे लोक 1,20,000 चे पाच वर्षांचे 6.7 टक्के काढून 40,200 व्याज सांगतात, ते चूक, कारण पहिला हप्ता 60 महिने व्याज खातो आणि शेवटचा जेमतेम एकच. खरं व्याज 22,700 च्या आसपास. खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो, हे बोलून टाका.

3. एसआयपीला एक आकडा देऊच नका, दोन पट्ट्या काढा. भरलेल्या पैशापेक्षा 20 टक्के वर म्हणजे 1,44,000, 20 टक्के खाली म्हणजे 96,000. वर ठळक लिहा "फक्त उदाहरण, अंदाज नाही". खालची पट्टी आधी दाखवा, नंतर कोणी थांबत नाही हो.

आणि बाजाराच्या जोखमीची ओळ शेवटच्या सेकंदाला बारीक अक्षरात पळवू नका, पट्ट्या दिसत असतानाच तोंडाने बोला. कुठल्या फंडाचं नाव तर घेऊच नका.