ओल्या-सुक्याची ॲनिमेशन फिल्म: दुधाच्या पिशवीचे 192 फ्रेम

कचरा वेगळा करताना केळ्याच्या सालीपाशी कुणी अडत नाही, अडतात ते दुधाच्या पिशवीपाशी. पिशवी प्लास्टिकची, म्हणजे सुकी. पण आत दूध उरलेलं असतं. तशीच टाकली तर ते आंबतं, आणि डब्यातला कोरडा कागदही भिजून वाया जातो. म्हणून सोसायटीसाठी मिनिटभराची फिल्म करत असाल, तर त्यातला मोठा शॉट या पिशवीला द्या.

आधी डबे काढून घ्या. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. सॅनिटरी आणि घातक कचऱ्यासाठी तुमच्या पालिकेने जे रंग सांगितले असतील तेच वापरा. काहींना रंगांतला फरक नीट दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक डब्यावर मोठं चित्रही हवं: हिरव्यावर पान, निळ्यावर बाटली. हिरवा डबा एकदा डावीकडे ठेवला की शेवटपर्यंत तिथेच. शॉट बदलताना जागा बदलली, तर बघणारा पुन्हा डबा शोधत बसतो आणि तेवढ्यात वस्तू पडून गेलेली असते.

फोनसाठी उभी चौकट, 1080 बाय 1920. सेकंदाला 24 फ्रेम धरले, तर पिशवीच्या आठ सेकंदांच्या शॉटचे 192 होतात. 36 फ्रेमपर्यंत कात्री पिशवीचा कोपरा कापते, पण तुकडा पिशवीलाच लटकलेला राहतो. तो सुटला तर हरवतो, म्हणून इथे पिशवी जवळून दाखवा. 84 पर्यंत थोडं पाणी घालून खळबळणं, 120 पर्यंत उलटी टांगून निथळणं. मग बारा फ्रेममध्ये पिशवी डब्यात, पुढच्या बारात झाकण पडून किंचित उसळतं. उरलेले 48 फ्रेम काहीही हलवू नका. त्या दोन सेकंदांतच लोक डबा लक्षात ठेवतात. घाईत हाच भाग कापला जातो.

बाकीचे शॉट घड्याळाने जोडा. सकाळी पिशवी, दुपारी भाजीची देठं, रात्री डबे बंद, सकाळी ओला कचरा दाराबाहेर. वेळा तुमच्याकडची गाडी येते त्याप्रमाणे. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा निवेदन नसतानाही अर्थ कळायला हवा.

निळ्यावर लाल अक्षरं टाळा. व्हिडिओ लहान करताना रंगाचे बारकावे आधी जातात आणि कडा पसरतात. पांढरी अक्षरं टिकतात. जुन्या फोनवरही चालेल अशी फाइल ffmpeg या प्रोग्रॅमच्या कमांडने अशी काढा:

```
ffmpeg -i film.mov -c:v libx264 -pix_fmt yuv420p -crf 20 film.mp4
```

वाटण्याआधी फिल्म न पाहिलेल्या तिघांना ती एकदाच, आवाज बंद करून दाखवा आणि हातात खरी रिकामी पिशवी द्या. न धुता ती निळ्या डब्याकडे नेली, तर खळबळण्याचा शॉट एक सेकंदाने वाढवा.