डिफरन्शिएटरचं रिंगिंग असं थांबलं

रत्नागिरीत, घरच्या टेबलावर. TL072, इनपुटला 0.1 µF, फीडबॅकला 10 kΩ. 100 Hz त्रिकोणी लहर दिली की चौकोनी आउटपुटच्या प्रत्येक कडेवर सुमारे 20 kHz ची थरथर यायची. खाऱ्या हवेने ब्रेडबोर्ड गंजला असेल म्हणून साफ केला, आयसी बदलला, सप्लायला कपॅसिटर लावले. तीन संध्याकाळी वाया गेल्या.

आधी 0.1 µF च्या सिरीजमध्ये 100 Ω घातला. थरथर लगेच विरली, कारण वारंवारतेसोबत वाढणारा गेन आता 100 पटींवर अडतो. बारीक नॉइज मात्र उरला. मग 10 kΩ ला समांतर 1 nF जोडला, तोही गेला. दोन्ही जोड्यांची कोपरा-वारंवारता 15.9 kHz आहे. त्यामुळे अचूक डिफरन्शिएशन साधारण 1.5 kHz पर्यंतच धरावं.