पुढची कातडी घट्ट झाली? या चुका टाळा

यवतमाळकडचा पंचेचाळिशीतला शेतकरी दवाखान्यात येतो आणि हळू आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, मले कमजोरी आली." नीट विचारलं की कळतं, ताठरपणा येतो, पण लगेच लिंगाच्या पुढच्या कातडीला चिरा पडतात, आग होते आणि त्या दुखण्यानं सगळं ओसरतं. ही कमजोरी नव्हे. तरी त्याआधी बाजारातल्या ताकदीच्या औषधांवर पैसे गेलेले असतात. पहिली चूक हीच.

लहानपणापासून सहज मागे सरकणारी कातडी चाळिशीनंतर घट्ट होऊ लागली, तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहात लघवीतून साखर जाते, कातडीखाली बुरशी वाढते, खाज सुटते, बारीक चिरा पडतात. चिर भरताना तिथं कडक व्रण होतो आणि कातडीचं तोंड आणखी आवळतं. शुगरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्यांनीही हा त्रास होऊ शकतो. त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

दुसरी चूक म्हणजे तेल लावून जोरानं कातडी मागे ओढणं. नवी चिर, नवा व्रण, आणखी घट्टपणा. साबण किंवा डेटॉलनं घासणंही तसंच; साधं कोमट पाणी पुरे.

मेडिकलमधून खाजेची कोणतीही ट्यूब आणून लावू नका. आधी बुरशी आणि साखर आटोक्यात आणायची. मग डॉक्टर बहुधा बीटामेथासोनसारखा स्टेरॉइड मलम देतात: घट्ट कड्यावर दिवसातून दोनदा पातळ थर, साधारण चार ते आठ आठवडे. सोबत कातडी दुखणार नाही इतकीच हळूच मागे घ्यायची आणि प्रत्येक वेळी पुढे आणायची. पुष्कळांचं काम एवढ्यावर भागतं.

सुंतेचा विचार कधी? मलम नीट लावूनही फरक नाही, चिरा पुन्हा पुन्हा पडतात, लघवी करताना कातडी फुगते, किंवा कड्यावर पांढरट, कडक चट्टा आला आहे तेव्हा. असा चट्टा मलमाला नेहमी दाद देत नाही. काढलेली कातडी तपासणीला पाठवावी. प्रौढांत ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते. साखर आधी आटोक्यात हवी, नाहीतर जखम चिघळते. नंतर चार ते सहा आठवडे संबंध टाळायचा. वेचणीचा हंगाम पाहून तारीख ठरवली तरी चालतं, पण गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर थांबू नका.

सुंतेनं दुखणं जातं. दुखत नसतानाही ताठरपणा टिकत नसेल, तर त्याचं कारण वेगळं, बहुधा साखर, रक्तदाब, तंबाखू किंवा मनावरचा ताण. तिथं सुंता उपयोगाची नाही.

एका बाबतीत मात्र रात्रही काढू नका. मागे गेलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजू लागलं, तर टोक मुठीत धरून काही मिनिटं एकसारखं दाबून ठेवा, म्हणजे सूज उतरते. मग कातडी हळूच पुढे आणा. नाहीच जमलं, तर त्याच वेळी गाडी करून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. रक्तपुरवठा अडून टोक काळं पडू शकतं.