लूपबॅक ऑफसेट भरताना या चुका टाळा

रेकॉर्ड केलेला ट्रॅक नेमका जागेवर पडावा म्हणून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जो ऑफसेट भरतात, तो लूपबॅक चाचणीने काढतात. ऑडिओ इंटरफेसचं लाइन आउट केबलने त्याच इंटरफेसच्या लाइन इनला जोडायचं, एका ट्रॅकवरचा क्लिक वाजवून दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा आणि तो किती सॅम्पल उशिरा उतरला ते मोजायचं. काम पाच मिनिटांचं आहे. तरीही त्यात एकच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते: लोक राउंड ट्रिपचा, म्हणजे आवाज बाहेर जाऊन परत येईपर्यंतच्या उशिराचा, पूर्ण आकडा ऑफसेटच्या चौकटीत भरतात.

ड्रायव्हर आपला इनपुट आणि आउटपुट उशीर सॉफ्टवेअरला स्वतःच कळवतो आणि सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेली क्लिप तेवढी मागे ओढून ठेवतं. ड्रायव्हरचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी-जास्त असतो, आणि तेवढाच फरक आपण भरायचा असतो. समजा ४८,००० हर्ट्झ आणि १२८ सॅम्पलच्या बफरवर खरा उशीर ४५१ सॅम्पल आहे आणि ड्रायव्हर ३८८ सांगतो. मग भरायचा आकडा ६३, म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद. राउंड ट्रिप मोजणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामने दाखवलेले ४५१ जसेच्या तसे भरले, तर प्रत्येक टेक ३८८ सॅम्पल, म्हणजे ८ मिलिसेकंद, लवकर पडणार.

अशाच सेटअपवर केलेलं एक गाणं माझ्याकडे मिक्सला आलं होतं. ड्रमच्या ट्रॅकवर बेस वाजवलेला, बेस ऐकून गिटार, गिटार ऐकून दुसरी गिटार. बेस ८ मिलिसेकंद लवकर, पहिली गिटार १६, दुसरी २४. प्रत्येक जण आधीच लवकर पडलेल्या ट्रॅकशी जुळवून वाजवत होता आणि सॉफ्टवेअर त्याचा टेक आणखी लवकर आणत होतं. बिचाऱ्या गिटारवाल्याला मात्र "तू घाई करतोस" असं ऐकावं लागलं होतं. माणूस घाई करतो तेव्हा कुठे जास्त, कुठे कमी करतो. इथे सगळ्या गाण्यात अंतर जवळजवळ तेवढंच होतं, म्हणून मला शंका आली. त्यांना लूपबॅक करायला लावलं, तर रेकॉर्ड झालेला क्लिक मूळ क्लिकच्या ३८८ सॅम्पल आधी उभा! ऑफसेट ६३ केला, जुने ट्रॅक अनुक्रमे ३८८, ७७६ आणि ११६४ सॅम्पल उशिरा सरकवले आणि गाणं जागेवर बसलं.

म्हणून माझी सवय अशी: आधी ऑफसेट शून्य करायचा, ड्रायव्हरची भरपाई चालू ठेवायची (रीपरमध्ये `Use audio driver reported latency`) आणि मगच मोजायचं. जो फरक दिसेल तोच भरायचा. ती भरपाई बंद करून पूर्ण ४५१ भरणंही चालतं, पण बफर बदलला की आकडा चुकतो. मला तो शॉर्टकट मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक म्हणजे आकडा भरून तिथेच थांबणं. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये अधिक चिन्ह क्लिप मागे नेतं आणि कुठल्यात पुढे, हे लक्षात ठेवण्यापेक्षा चाचणी पुन्हा करावी. उशीर ६३ वरून शून्यावर आला तर बरोबर. १२६ झाला तर चिन्ह उलटं आहे. या एका मिनिटाचा कंटाळा करणारे नवशिके नंतर तासन् तास टेक हाताने सरकवत बसतात.

मोजताना ग्रिडचं स्नॅप बंद ठेवा. एका सॅम्पलचा क्लिक कन्व्हर्टरच्या फिल्टरमधून आला की त्याच्या आजूबाजूला लहान लाटा दिसतात. त्यामुळे सुरुवात न शोधता शिखरापासून शिखरापर्यंत मोजा. पोलॅरिटी उलटी असेल तर शिखर खाली दिसेल. पातळी इतकी ठेवा की क्लिक क्लिप होणार नाही, नाहीतर शिखर चपटं होतं.

रेकॉर्डिंग ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज केबलमधून फिरत राहतो आणि फीडबॅक होतो. फँटम पॉवर बंद, स्पीकर खाली. मास्टरवरचे प्लगइनही काढा.

हेडफोनमध्ये ऐकू येणारा उशीर या आकड्याने कमी होत नाही. त्यासाठी बफर लहान करा किंवा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा.

सॅम्पल रेट बदलला, ड्रायव्हर अपडेट केला किंवा एडॅटच्या डिजिटल इनपुटवर बाहेरचा प्रीअँप जोडला, तर पुन्हा मोजा. प्रीअँपच्या कन्व्हर्टरचा उशीर वेगळा असतो, त्यामुळे केबल त्याच्याच इनपुटमध्ये लावून मोजायला हवं. काही यूएसबी इंटरफेसमध्ये ड्रायव्हर बंद करून चालू केला की आकडा थोडा हलतो. तो ६०, ६६, ६३ असा हलत असेल तर मधला भरा आणि वाजवायला लागा. तीन सॅम्पल कुणाला ऐकू येत नाहीत.