सुधारित बजेट देणगीदाराकडे पाठवण्याआधी

हे टिपण प्रकल्प-अनुदानावर चालणाऱ्या संस्थांसाठी आहे, जिथे वर्षाच्या मध्यात एका हेडमधले पैसे दुसऱ्या हेडला वर्ग करावे लागतात. गेल्या खेपेला आमच्याकडे बेरजा बरोबर होत्या, मंजुरीचं पत्र होतं, फक्त लागू होण्याची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून ती आधी.

सुधारित बजेटला तीन तारखा असतात: तयार केल्याची, मंजुरीची आणि लागू होण्याची. तिन्ही वेगळ्या लिहा. समजा मूळ बजेटमध्ये प्रशिक्षणाला 4,00,000 आणि प्रवासाला 1,20,000 आहेत. प्रशिक्षणातले 40,000 प्रवासाला वळवले, म्हणजे 3,60,000 आणि 1,60,000. पत्र आलं 18 सप्टेंबरला, त्यात म्हटलंय ‘1 ऑक्टोबरपासून लागू’. आणि 30 सप्टेंबरपर्यंत प्रवासावर 1,31,000 खर्च होऊन बसलेत. सहामाही अहवाल 30 सप्टेंबरपर्यंतचा असतो, तो मूळ बजेटशीच ताडला जाणार. वरचे 11,000 लेखापरीक्षक नामंजूर करू शकतो, आणि मग ते संस्थेच्या स्वतःच्या पैशातून भरायचे. लागू होण्याची तारीख मागची हवी असेल तर ती अर्जातच मागा. मंजुरी आल्यावर मागाल तर पुन्हा सगळा पत्रव्यवहार करावा लागेल.

मूळ बजेटच्या रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी ‘फरक’ आणि ‘सुधारित’ असे रकाने घ्या. दुसरी सुधारणा आली तर तिचा फरक पहिल्या सुधारणेच्या आकड्यांवर काढायचा, मूळ आकड्यांवर नाही. घाईत इथे हमखास घोळ होतो आणि पहिली सुधारणा गायब होते.

फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द नको, ‘फायनल नवीन’ तर नकोच. आम्ही आता असं नाव देतो:

```
Budget_2025-26_R1_MANJUR_2025-09-18.xlsx
```

मूळ बजेट R0, पहिली सुधारणा R1. मंजुरी येईपर्यंत `MASUDA`, आल्यावर `MANJUR`. वर्ष आणि R क्रमांक आधी लिहिले की फाइली आपोआप सुधारणांच्या क्रमाने लागतात. नावातली तारीख मंजुरीची आहे, लागू होण्याची नाही. ती शीटच्या माथ्यावर स्वतंत्र ओळीत लिहा: ‘R1, मंजुरी 18-09-2025, लागू 01-10-2025 पासून’. हीच ओळ प्रत्येक छापील पानाच्या तळाशीही हवी, कारण समितीच्या सभेत कागद फिरतात आणि कागदावर फाइलचं नाव नसतं.

बदलांची नोंद त्याच फाइलमध्ये वेगळ्या शीटवर ठेवा. एका बदललेल्या हेडला एक ओळ: अनुक्रमांक, आवृत्ती, हेड, आधीची रक्कम, नंतरची रक्कम, फरक, कारण, मंजुरी कोणाची व पत्राचा क्रमांक, आणि हो, लागू होण्याची तारीख. कारणात ‘गरजेनुसार’ लिहू नका. ‘दोन निवासी शिबिरं रद्द, त्याऐवजी गावभेटी वाढल्या’ असं लिहा, लेखापरीक्षक तेच विचारतो. फरकाच्या रकान्याखाली बेरीज घाला:

```
=SUMIF(B2:B40,"R1",F2:F40)
```

एका सुधारणेच्या ओळींची बेरीज शून्य आली पाहिजे. आली नाही तर एक ओळ राहिली आहे, किंवा एकूण अनुदानच बदललंय, आणि त्याला निव्वळ वर्ग करण्याची मंजुरी पुरत नाही. टायपिंगची चूक नीट केली असेल तर तीही नोंदवा, पण ‘दुरुस्ती’ म्हणून. तिला नवा R क्रमांक देऊ नका.

पैसे परदेशी देणगीचे असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. एफसीआरएच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. प्रकल्पाच्या हेडमधून कार्यालयाच्या हेडला पैसे वळवताना देणगीदार हो म्हणाला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

गूगल शीटवर काम करत असाल तर मंजुरीच्या दिवशी `Name current version` करून आवृत्तीला नाव द्या आणि पीडीएफही काढून ठेवा. जुन्या आवृत्तीतले आकडे दुसऱ्या फाइलला जोडलेले असतील तर आधी ते निव्वळ आकडे करा, नाहीतर R0 चे आकडे मागच्या मागे बदलत राहतील.

जुन्या फाइली ‘रद्द’ फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका. मंजुरीचं पत्र मात्र चालू फाइलच्या फोल्डरमध्ये. हिशेबनिसाला R1 पाठवताना मेलच्या विषयातच लागू होण्याची तारीख घाला, म्हणजे टॅलीत नवं बजेट कधीपासून टाकायचं हे तो विचारत बसणार नाही. प्रत्येक बिलाला त्या दिवशी लागू असलेली आवृत्ती लावायची, आणि ती ठरते खर्च झाल्याच्या तारखेवरून, चेकच्या तारखेवरून नाही.